टीव्हीवरचं अ‍ॅप अडलं, तर डीएनएस फिल्टरमधलं नेमकं नाव कसं शोधायचं

घरच्या नेटवर्कवर पाय-होल किंवा अ‍ॅडगार्ड होम यांसारखा डीएनएस फिल्टर बसवला की मोबाईल-लॅपटॉपवरच्या जाहिराती लगेच कमी होतात. त्याचा त्रास कुठे झालाच, तर तो बहुधा टीव्हीवर होतो. अ‍ॅप उघडतं, पण पोस्टरांच्या जागी नुसते राखाडी चौकोन दिसतात. किंवा मेनू नीट येतो, पण एपिसोड निवडला की चक्र फिरत राहतं आणि थोड्या वेळाने चूक झाल्याचा संदेश येतो. त्याच वेळी शेजारी बसलेल्याच्या मोबाईलवर व्हिडिओ सुरळीत चालू असतो, म्हणजे नेट गेलं असंही म्हणता येत नाही. अशा वेळी दोनच उपाय सर्रास केले जातात. एक तर फिल्टर कायमचा बंद करणं, नाहीतर कुठेतरी सापडलेली चाळीस-पन्नास डोमेनची यादी डोळे मिटून मोकळी करणं. पहिल्या उपायात फिल्टरच जातो. दुसऱ्यात तो असून नसल्यासारखा होतो, आणि एवढं करून एपिसोड लागेलच याचीही खात्री नसते.

खरं तर अडलेलं असतं एखादंच नाव, फार तर दोन. ते शोधून फक्त टीव्हीपुरतं मोकळं केलं की काम होतं, आणि बाकी घरासाठी फिल्टर होता तसाच राहतो. हे शोधायचं कसं, तेवढंच इथे सविस्तर सांगतो. उदाहरण नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरमधल्या एका घराचं आहे. राऊटर `192.168.1.1` वर, पाय-होल चालवणारा रास्पबेरी पाय `192.168.1.10` वर आणि टायझन प्रणालीचा स्मार्ट टीव्ही `192.168.1.42` वर. पाय-होल सहाव्या आवृत्तीचा. अ‍ॅडगार्ड होम असेल तरी रीत तीच, फक्त मेनू वेगळे. त्यासाठी लागणारा नियम पुढे दिला आहे.

फिल्टरला फक्त नाव दिसतं

टीव्हीला कुठल्याही सर्व्हरशी बोलायचं असलं की तो आधी डीएनएसला त्या नावाचा पत्ता विचारतो. पाय-होल आपल्या याद्यांमध्ये ते नाव बघतो. नाव यादीत असेल तर `0.0.0.0` असं निरुपयोगी उत्तर देतो, नसेल तर खरा पत्ता आणून देतो. त्या नावाकडून जाहिरात येणार आहे, पोस्टरचं चित्र येणार आहे की प्लेअर सुरू करायला लागणारी फाइल, हे त्याला कळत नाही. ब्राउझरमधला जाहिरात-रोधक पानाच्या आत डोकावून एखादाच तुकडा काढू शकतो, डीएनएस फिल्टर तसं करू शकत नाही. त्याच्या हातात नाव सोडणं किंवा अडवणं एवढंच आहे.

आता अ‍ॅपच्या बाजूने बघा. अ‍ॅप उघडल्यावर ते आधी आपल्या सर्व्हरकडून सेटिंग आणि मेनूची यादी मागतं, मग चित्रं ठेवलेल्या सर्व्हरकडून पोस्टर आणतं. एपिसोड दाबला की परवान्याचा सर्व्हर, व्हिडिओच्या तुकड्यांची यादी देणारा सर्व्हर आणि शेवटी प्रत्यक्ष व्हिडिओ देणारा सर्व्हर अशी साखळी लागते. या साखळीत मध्येच जाहिरातीचं आणि मोजमापाचं काम करणाऱ्या तिसऱ्या कंपन्यांची नावं गुंफलेली असतात. अ‍ॅप नीट लिहिलेलं असेल तर असं एखादं नाव न मिळाल्यावर ते पुढे सरकतं. नसेल तर तिथेच थांबतं.

टीव्हीवर हे जास्त का होतं याला कारण आहे. टायझन आणि वेबओएस या टीव्ही प्रणालींवरची बरीच अ‍ॅप्स म्हणजे आतून वेबपानंच असतात. व्हिडिओआधी जाहिरात दाखवण्यासाठी अनेक अ‍ॅप्स गुगलची आयएमए नावाची लायब्ररी वापरतात, आणि वेबसाठीची ही लायब्ररी अ‍ॅपमध्ये भरून येत नाही. ती दर वेळी `imasdk.googleapis.com` वरून ताजी उतरवली जाते. हे नाव काही ब्लॉकलिस्टमध्ये असतं, कारण त्याचं काम जाहिरातीशी जोडलेलं आहे. लायब्ररी उतरली नाही आणि प्रोग्रामरने ती कायम असेलच असं धरून प्लेअर लिहिला असेल, तर तिला हाक मारणाऱ्या ओळीवर प्रोग्राम कोसळतो. प्लेअर सुरू करणारी पुढची ओळ चालतच नाही. पडद्यावर चक्र फिरत राहतं ते यामुळे.

आधी फिल्टरचाच दोष आहे हे सिद्ध करा

इथे घाई करू नका. टीव्ही मोबाईलच्या हॉटस्पॉटवर टाकून बघण्याची सवय बऱ्याच जणांना असते, पण त्यात डीएनएसबरोबर इंटरनेट कंपनीही बदलते. अ‍ॅप चाललं तरी कशामुळे चाललं ते कळत नाही. बदलायची गोष्ट एकच ठेवा. पाय-होलच्या डाव्या मेनूतून `Disable Blocking` मध्ये पाच मिनिटांचा पर्याय निवडा, किंवा रास्पबेरी पायवर हा आदेश द्या:

```
pihole disable 5m
```

पाच मिनिटांनी फिल्टर आपोआप पुन्हा सुरू होतो, त्यामुळे तो चुकून बंद राहत नाही.

यानंतर टीव्ही खऱ्या अर्थाने बंद करून सुरू करायला हवा. रिमोटचं बटण एकदा दाबलं की टीव्ही फक्त झोपतो. अ‍ॅप आहे त्या अवस्थेत मागे पडून राहतं, आणि जुनी डीएनएस उत्तरंही लक्षात राहिलेली असू शकतात. सॅमसंगच्या टीव्हीवर पॉवरचं बटण लोगो पुन्हा दिसेपर्यंत दाबून धरा. फायर टीव्हीवर सेटिंगमधून `Restart` करा. काहीच जमत नसेल तर भिंतीवरचा स्विच बंद करून मिनिटभर थांबा. हे करण्यात वेळ जाणार असेल तर फिल्टर पाचऐवजी दहा मिनिटं बंद ठेवा.

फिल्टर बंद असताना एपिसोड लागला तर फिल्टरवर संशय पक्का होतो, पण काम अर्धंच झालेलं असतं. फिल्टर पुन्हा सुरू होऊ द्या, टीव्ही पुन्हा पूर्ण बंद-चालू करा आणि तोच एपिसोड लावा. तो पुन्हा त्याच जागी अडकला, तरच दोष फिल्टरचा. दुसऱ्या वेळीही चालला, तर नुसता टीव्ही बंद-चालू केल्यानेच तो सुधारला होता आणि फिल्टरचा त्यात संबंध नव्हता.

एपिसोड सुरू होतो पण मध्ये मध्ये थांबतो किंवा चित्र धूसर होतं, अशी तक्रार असेल तर ती वेगळी आहे. अडवलेल्या नावामुळे गोष्टी सहसा सुरूच होत नाहीत, त्या चालून अडखळत नाहीत. त्याबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे.

टीव्हीचे प्रश्न खरोखर पाय-होलकडे येतात का

`Query Log` उघडून तिथे टीव्हीचा पत्ता दिसतो का ते बघा. टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये त्याचा आयपी पत्ता दिसतो. इथे तीन प्रकार आढळतात.

सगळ्या क्वेरी `192.168.1.1` च्या म्हणजे राऊटरच्या नावावर दिसत असतील, तर राऊटर घरातल्या उपकरणांना स्वतःचाच पत्ता डीएनएस म्हणून देतोय आणि पुढे पाय-होलला विचारतोय. फिल्टर चालतो, पण कोणतं उपकरण काय विचारतंय हे कळायला मार्ग राहत नाही आणि टीव्हीसाठी वेगळा नियमही लावता येत नाही. राऊटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून `192.168.1.10` द्या. इंटरनेट कंपनीच्या काही राऊटरमध्ये ही जागा बदलता येत नाही. तिथे राऊटरचा डीएचसीपी बंद करून पाय-होलचा डीएचसीपी चालू करावा लागतो.

दुसरा प्रकार म्हणजे दुसरा डीएनएस म्हणून `8.8.8.8` दिलेला असणं. पाय-होल बंद पडला तर उपयोगी पडेल, या समजुतीने तो दिला जातो. उपकरणं मात्र पहिला बंद पडायची वाट बघतीलच असं नाही. ती कधी याला विचारतात, कधी त्याला. मग अ‍ॅप एकदा चालतं, एकदा नाही, आणि लॉग वाचून काहीच जुळत नाही. शोध सुरू करण्याआधी तो दुसरा पत्ता काढून टाका.

तिसरा प्रकार आयपीव्ही६ चा. राऊटर आयपीव्ही६ चा डीएनएस पत्ताही वाटत असेल, तर टीव्ही पाय-होलला वळसा घालून तिकडे विचारू शकतो, किंवा पाय-होलकडेच येतो पण लांबलचक वेगळ्या पत्त्याने. म्हणून पाय-होलमध्ये टीव्हीची नोंद आयपीऐवजी मॅक पत्त्याने करणं चांगलं. मग तो कुठल्याही पत्त्याने आला तरी ओळखू येतो. टीव्हीच्या वायफाय सेटिंगमध्ये दर वेळी मॅक बदलण्याची सोय असेल तर घरच्या वायफायपुरती ती बंद करा.

दोन लॉग घ्या आणि समोरासमोर ठेवा

आता त्रिमूर्तीनगरच्या घराकडे वळू. तिथल्या काकू रात्री आठच्या मालिकेसाठी बसल्या होत्या. "मेनू दिसून राहिला, फोटो दिसून राहिले, पण एपिसोड लागून नाही राहिला," असं त्यांनी सांगितलं. हे वाक्य नीट ऐकलं तर निम्मं निदान तिथेच होतं. मेनू आणि फोटो येतात म्हणजे सेटिंगचा आणि चित्रांचा सर्व्हर मोकळा आहे. बिघाड एपिसोड दाबल्यानंतरच्या टप्प्यात आहे. याउलट फोटोच नसते, तर अ‍ॅप उघडल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांतल्या नावांकडे बघावं लागलं असतं. म्हणून घरच्यांना नेमकं काय दिसतं आणि काय नाही हे विचारून घ्या, त्यावरून लॉगचा कुठला भाग वाचायचा ते ठरतं.

लॉगमध्ये अडवलेलं जे जे दिसतं ते सगळं संशयित धरू नका. स्मार्ट टीव्ही रिकामा बसलेला असतानाही उत्पादकाच्या मोजमापाच्या सर्व्हरना सारखा हाका मारत असतो आणि त्यातल्या बऱ्याच अडतात. म्हणून टीव्ही सुरू करून होम स्क्रीनवर दोन-तीन मिनिटं नुसता राहू द्या. त्या वेळात जी नावं अडलेली दिसतील ती कागदावर लिहा आणि बाजूला ठेवा. अ‍ॅप बंद असतानाही ती अडत होती, म्हणजे अ‍ॅपच्या बिघाडाशी त्यांचा संबंध असण्याची शक्यता कमी.

मग अ‍ॅप उघडा. एपिसोडवर बटण दाबताना घड्याळ बघा आणि वेळ टिपून ठेवा. चूक झाल्याचा संदेश येईपर्यंत थांबा, मग `Query Log` मध्ये फक्त टीव्हीच्या नोंदी गाळून घ्या. त्या घरी लॉग साधारण असा होता. अ‍ॅपची स्वतःची नावं इथे बदलली आहेत, बाकीची जशीच्या तशी:

```
20:04:11  api.app.example        OK
20:04:12  img.app.example        OK
20:04:31  imasdk.googleapis.com  Blocked (gravity)
20:04:31  cws.conviva.com        Blocked (gravity)
20:04:33  imasdk.googleapis.com  Blocked (gravity)
20:04:38  cws.conviva.com        Blocked (gravity)
```

`gravity` म्हणजे पाय-होलने सगळ्या ब्लॉकलिस्ट मिळून केलेली यादी. बटण २०:०४:३१ ला दाबलं होतं. त्यानंतर दोन नावं वारंवार अडताना दिसतात. पण जास्त वेळा अडलेलं नाव तेच दोषी, असा निष्कर्ष काढू नका. मोजमापाची नावं अडली की अ‍ॅप पाठीमागे पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतं आणि तरीही व्हिडिओ मजेत चालू असतो. खरा पुरावा या लॉगमध्ये जे नाही त्यात आहे. म्हणून फिल्टर बंद ठेवून, टीव्ही पूर्ण बंद-चालू करून, तोच एपिसोड पुन्हा लावला:

```
20:16:40  imasdk.googleapis.com     OK
20:16:40  cws.conviva.com           OK
20:16:41  pubads.g.doubleclick.net  OK
20:16:43  license.app.example       OK
20:16:43  video.app.example         OK
```

आता फरक डोळ्यात भरतो. पहिल्या लॉगमध्ये परवान्याचा आणि व्हिडिओचा सर्व्हर विचारलेलाच नव्हता. ते अडवले गेले नव्हते, अ‍ॅप तिथपर्यंत पोचलंच नव्हतं. म्हणजे साखळी त्याआधीच्या दोन नावांपैकी एकापाशी तुटली. `pubads.g.doubleclick.net` पहिल्या लॉगमध्ये नाही, कारण जाहिरात मागायचं काम लायब्ररी उतरल्यानंतर येतं. ते नाव दोषी ठरवायला अजून काही आधार नाही.

दोन्ही लॉगच्या मध्ये टीव्ही पूर्ण बंद करणं का गरजेचं आहे ते इथे कळतं. टीव्हीला एखाद्या नावाचा पत्ता आधीचा लक्षात असेल तर तो पुन्हा विचारणारच नाही, आणि तुम्हाला वाटेल अ‍ॅप तिथे पोचलं नाही.

एक नाव, आणि फक्त टीव्हीसाठी

दोन संशयितांपैकी आधी कोणतं उघडायचं? कामावरून अंदाज बांधा. `cws.conviva.com` हे व्हिडिओ किती नीट चालतोय याची मोजदाद गोळा करणाऱ्या सेवेचं नाव आहे. तिथे माहिती पाठवली जाते, तिथून प्लेअरसाठी काही आवश्यक येण्याची शक्यता कमी. `imasdk.googleapis.com` वरून मात्र प्रोग्रामचा तुकडा उतरतो. जिथून काहीतरी यायचं असतं ते नाव आधी तपासायचं, जिथे नुसतं पाठवायचं असतं ते नंतर.

बरेच जण इथे टर्मिनलवर `pihole allow imasdk.googleapis.com` असं लिहून मोकळे होतात. आदेश बरोबर आहे, पण तो नाव `Default` गटात टाकतो, म्हणजे घरातल्या सगळ्या उपकरणांसाठी ते उघडतं. मोबाईल-लॅपटॉपवर ते अडलेलं असताना कुणाला काही त्रास नव्हता, मग तिथे उघडायचं कशाला? म्हणून वेबपानावरून करा. `Groups` मध्ये `tv` नावाचा गट तयार करा. `Clients` मध्ये टीव्हीचा मॅक पत्ता जोडा आणि त्याला `Default` आणि `tv` असे दोन्ही गट द्या. `Default` काढू नका. तो काढला की त्या गटाच्या ब्लॉकलिस्ट टीव्हीला लागू होणं थांबतं आणि टीव्हीवर फिल्टरच उरत नाही. मग `Domains` मध्ये `imasdk.googleapis.com` हे नाव `Allow` म्हणून टाका आणि त्याच्यासाठी फक्त `tv` गट निवडा, `Default` ची खूण काढा. मोकळ्या केलेल्या नावाला ब्लॉकलिस्टपेक्षा वरचं स्थान असतं, त्यामुळे दोन्ही गटांत असूनही टीव्हीला ते नाव मिळतं.

नाव अचूक टाका. घाईत संपूर्ण `googleapis.com` किंवा पॅटर्न लिहून उघडलं तर त्याखालची कितीतरी नावं एकदम सुटतात.

अ‍ॅडगार्ड होममध्ये हेच काम कस्टम नियमांच्या एका ओळीत होतं:

```
@@||imasdk.googleapis.com^$client='192.168.1.42'
```

यात पत्ता आयपीचा आहे, म्हणून राऊटरमध्ये टीव्हीचा आयपी आधी राखून ठेवा. नाहीतर पत्ता बदलल्या दिवशी नियम टीव्हीला सोडून दुसऱ्याच उपकरणाला लागेल.

टीव्ही बंद-चालू करून एपिसोड लावला आणि तो चालला. `cws.conviva.com` अडलेलंच राहिलं, `pubads.g.doubleclick.net` सुद्धा. लायब्ररी उतरली, तिने जाहिरात मागितली, जाहिरात मिळाली नाही, तशी तिने प्लेअरला चूक कळवली आणि प्लेअर सरळ मालिकेकडे वळला. म्हणजे जाहिरात दाखवणारं यंत्र मिळालं, जाहिरात मात्र नाही, आणि अ‍ॅपला तेवढं पुरलं. सगळ्याच अ‍ॅप्सचं असं नसतं. काही अ‍ॅप्स जाहिरात न मिळाल्यास मुद्दाम थांबतात, तिथे पुढचं नावही उघडावं लागेल. हा त्या सेवेचा निर्णय आहे, बिघाड नाही.

बाकी घर तसंच राहिलं ना, याची खात्री लॅपटॉपवरून करून घ्या:

```
nslookup imasdk.googleapis.com 192.168.1.10
```

उत्तर `0.0.0.0` आलं तर नियम खरोखर टीव्हीपुरताच आहे.

एक उघडलं तरी चालेना

असं झालं तर उघडलेलं नाव लगेच चुकीचं ठरवू नका. पुन्हा लॉग घ्या. पुष्कळदा असं दिसतं की अ‍ॅप आता एक पायरी पुढे गेलं आहे आणि तिथे नवं नाव अडलं आहे. आधीच्या लॉगमध्ये ते दिसलं नव्हतं, कारण तिथवर गाडी पोचलीच नव्हती. आधीचं नाव उघडं ठेवून याच पद्धतीने पुढचं तपासा. लॉग तसूभरही पुढे सरकला नसेल, तरच उघडलेलं नाव परत बंद करा.

संशयित आठ-दहा असतील तर एकेक तपासणं कंटाळवाणं होतं. मग सगळी `tv` गटासाठी उघडा, अ‍ॅप चालतंय हे बघा आणि मग त्यातली निम्मी बंद करा. अजून चालत असेल तर दोषी उरलेल्या उघड्या निम्म्यांत आहे. अडकलं तर बंद केलेल्यांत. असं निम्मं-निम्मं करत गेलं की तीन-चार फेऱ्यांत नाव हाती लागतं. दोन नावं एकदम लागत असतील तर दोन्ही निम्म्यांत अ‍ॅप अडकतं, हे ध्यानात असू द्या.

लॉगमध्ये कधी `Blocked (gravity, CNAME)` असं दिसेल. याचा अर्थ टीव्हीने विचारलेलं नाव यादीत नव्हतं, पण ते नाव ज्या दुसऱ्या नावाकडे बोट दाखवतं ते यादीत होतं. पोस्टर किंवा व्हिडिओ देणारं साधं दिसणारं नाव या कारणाने अडू शकतं. अशा वेळी टीव्हीने विचारलेलं मूळ नाव आधी उघडून बघा. मागचं नाव उघडलं तर त्यावर टेकलेल्या इतर सेवाही सुटतात.

नाव कुठल्या यादीमुळे अडलं हे बघायचं असेल तर `pihole -q imasdk.googleapis.com` हा आदेश यादीचा पत्ता दाखवतो. दर वेळी एकाच यादीचं नाव पुढे येत असेल तर ती यादी टीव्हीसाठी जास्त कडक आहे असं समजा. तशी यादी टीव्हीला लावूच नये, असं माझं मत आहे. त्यासाठी ती यादी `Lists` मध्ये `Default` मधून काढून मोबाईल-लॅपटॉपच्या वेगळ्या गटाला द्या.

टीव्हीवरची सगळीच अ‍ॅप्स मिनिटभर मरतात तेव्हा

हा प्रकार फार गोंधळात टाकतो. एक अ‍ॅप अडकतं आणि थोड्या वेळाने टीव्हीवरचं दुसरं, एरवी नीट चालणारं अ‍ॅपही उघडेनासं होतं. मोबाईल मात्र ठीक असतो. मिनिटभराने सगळं आपोआप परत येतं आणि पुन्हा जातं.

पाय-होलमध्ये मुळातच एक मर्यादा घातलेली असते: एका उपकरणाने ६० सेकंदांत १००० पेक्षा जास्त प्रश्न विचारले की त्याला नकार मिळायला लागतो. काही अ‍ॅप्स अडवलेलं नाव मिळेपर्यंत श्वास न घेता विचारत राहतात आणि ही मर्यादा ओलांडतात. त्यानंतर टीव्हीचे सगळेच प्रश्न नाकारले जातात, मग ते कुठल्याही अ‍ॅपचे असोत. पाय-होलच्या `Pi-hole diagnosis` पानावर त्या उपकरणाला मर्यादा लागल्याचा संदेश दिसतो. सगळ्या क्वेरी राऊटरच्या नावावर येत असतील तर पाय-होलच्या लेखी अख्खं घर एकच उपकरण ठरतं, आणि टीव्हीच्या हट्टापायी सगळ्यांचं नेट बंद पडतं.

मर्यादा वाढवण्याचा सल्ला यावर नेहमी दिला जातो. मला तो पटत नाही. त्याने लक्षण दबतं, पण अ‍ॅप रास्पबेरी पायवर प्रश्नांचा मारा करतच राहतं. लॉगमध्ये कोणतं नाव शेकडो वेळा आलंय ते बघा आणि ते `tv` गटासाठी उघडा. इथे मात्र वारंवारता हाच पुरावा असतो.

जिथे फिल्टरचं काहीच चालत नाही

थेट प्रक्षेपणात, म्हणजे जामठ्याच्या मैदानावरचा सामना असो की बातम्यांचा चॅनेल, जाहिरात अनेकदा सर्व्हरवरच व्हिडिओमध्ये शिवून पाठवतात. गुगलच्या अशा सेवेचं नाव `dai.google.com` आहे. जाहिरातीसारखं दिसतं म्हणून ते अडवलं, तर जाहिरात जात नाही, प्रक्षेपणच जातं, कारण व्हिडिओच्या तुकड्यांची यादी तिथूनच मिळते. इथे आधीसारखी यंत्र उघडं आणि जाहिरात बंद अशी सोय नाही. असं नाव लॉगमध्ये अडलेलं दिसलं तर टीव्हीसाठी उघडून टाका आणि जाहिराती दिसतील हे मान्य करा. यूट्यूबचंही थोडंफार तसंच आहे. जाहिरात आणि व्हिडिओ एकाच प्रकारच्या नावांवरून येतात, त्यामुळे डीएनएसवर त्यांना वेगळं करता येत नाही. त्यासाठी नवनव्या याद्या जोडत राहिलात तर यूट्यूबच्या जाहिराती जाणार नाहीत, बाकीची अ‍ॅप्स मात्र एकेक करून मोडतील.

सुरू होतं पण अडखळतं

याचं कारण ब्लॉकलिस्टमध्ये सहसा नसतं. पाय-होल खरा पत्ता ज्या वरच्या डीएनएसकडून आणतो तिकडे बघा. मोठ्या व्हिडिओ सेवा प्रश्न कुठून आला ते बघून जवळचा सर्व्हर सुचवतात. इंटरनेट कंपन्या अशा सेवांचा साठा स्वतःच्या जाळ्यातही ठेवतात. क्लाउडफ्लेअरचा `1.1.1.1` तुमच्या जाळ्याचा अंदाज देणारी माहिती पुढे कळवत नाही, त्यामुळे कधी कधी दूरचा सर्व्हर वाट्याला येतो. गुगलचा `8.8.8.8` ती माहिती त्रोटक रूपात पुढे देतो. पाय-होलवरच अनबाउंड हा उत्तर स्वतः शोधणारा डीएनएस सर्व्हर चालवला तर प्रश्न तुमच्याच घराच्या पत्त्यावरून जातो, म्हणून उत्तर बहुधा जवळचं मिळतं.

हे पडताळायला लॉगमधून व्हिडिओच्या सर्व्हरचं नाव घ्या. ते एकदा पाय-होलला आणि एकदा तुमच्या इंटरनेट कंपनीच्या डीएनएसला `nslookup` ने विचारा. दोन वेगळे पत्ते आले तर दोन्हींना `ping` करून वेळ बघा. कंपनीच्या उत्तराचा वेळ ठळकपणे कमी असेल तर पाय-होलचा वरचा डीएनएस बदला. दोन्ही सारखेच असतील तर डीएनएस सोडा आणि टीव्हीच्या वायफायचा जोर तपासा, जमलं तर राऊटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची तार ओढा.

शेवटची गोष्ट, उघडलेल्या प्रत्येक नावापुढे `Comment` ची जागा असते ती रिकामी ठेवू नका. कोणतं अ‍ॅप, काय बिघडलं होतं आणि कोणत्या तारखेला उघडलं एवढं तिथे लिहा. अ‍ॅपची नवी आवृत्ती आली की ते नाव तिथूनच तात्पुरतं बंद करा, टीव्ही बंद-चालू करा आणि एक एपिसोड लावून बघा. तो चालला, तर ते नाव उघडं ठेवायची गरज संपलेली असते.